कवळी खिशात घालून येऊ नका

गुरुजी दवाखान्यात आले तेव्हा कवळी तोंडात नव्हती, सदऱ्याच्या खिशात होती. रुमालाची घडी उलगडून त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही. परवा रात्रीपासून काढूनच ठेवलीय."

गुरुजींचं वय 74. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली. दात एकेक करत पडले, उरलेले पाच मी काढले, जखमा भरायला तीन महिने दिले आणि मग सोमवारी वरची-खालची पूर्ण कवळी बसवून दिली. त्या दिवशी आरशात बघून स्वारी खूश होती. सोबत मी नेहमीचा छापील कागद दिला होता. कवळी कशी घालायची, कशी धुवायची, दुखलं तर काय करायचं, अशा पंधरा-सोळा ओळींचा. आज गुरुवार. कागदही त्याच खिशातून निघाला, घडी न मोडलेला.

मी तोंड तपासलं. खाली डावीकडे किंचित लालसर वाटत होतं, पण नक्की काही सांगता येईना. "कुठे दुखायचं?" म्हणून विचारलं तर गुरुजींनी सगळ्या जबड्यावरून बोट फिरवलं. दीड दिवस कवळी बाहेर राहिल्यामुळे जखम भरत आली होती आणि तिच्यासोबत पुरावाही गेला होता. मी त्यांना सांगितलं, "आज मी हात लावत नाही. घरी जाऊन घाला, रात्री काढा, उद्या सकाळी परत घाला. नाश्ता कवळीनंच करा आणि अकरा वाजता तशीच तोंडात ठेवून या."

"म्हणजे दुखवून घेऊन या म्हणता?"

"हो गुरुजी. तेवढं एकदाच."

कागदावरची सातवी ओळ नेमकी हीच आहे: तपासणीला येण्याआधी कवळी घाला, शक्य तर एक दिवस आधीपासून, निदान काही तास तरी. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच ओळीकडे. लोक दुखतं म्हणून काढतात, काढल्यावर बरं वाटतं, बरं वाटल्यावर दवाखान्यात येतात आणि मग डॉक्टरला काही दिसत नाही. डॉक्टरनं अंदाजानं इथे थोडं, तिथे थोडं घासलं की जिथे घासायला नको तिथली पकड जाते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की कवळी कपाटात जाते आणि माणूस मऊ भातावर येतो.

नवी चप्पल चावते, तशी नवी कवळी चावते. एवढं लोकांना सांगावं लागत नाही. गैरसमज पुढच्या पायरीवर होतो. कोल्हापुरी चप्पल चार दिवस तेल लावून, रेटून वापरली की कातडं सैल होतं. कवळी ज्या अॅक्रिलिकची असते ते सैल होत नाही. आणि हिरडीला पायाच्या टाचेसारखा घट्टाही पडत नाही. हाडावर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची मऊ त्वचा, तिच्यावर कडक प्लास्टिक, आणि त्यावर चावण्याचा जोर. या दोघांमध्ये जिथे जुळत नाही तिथे प्लास्टिकच कमी करावं लागतं. "सवय होईल" हे वाक्य लाळेच्या बाबतीत खरं आहे, उच्चारांच्या बाबतीत खरं आहे, तोंड भरल्यासारखं वाटण्याच्या बाबतीतही खरं आहे. जखमेच्या बाबतीत ते खोटं आहे. जखमेची सवय होत नाही.

मग माप घेतानाच नीट का घेत नाहीत, असं गुरुजींच्या मुलानं मला थोड्या रागानंच विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. माप घेताना आम्ही ओठ ओढायला लावतो, जीभ बाहेर काढायला लावतो, गिळायला लावतो. तरी ते पाच मिनिटांचं नाटक असतं. प्रत्यक्षात माणूस दिवसातून शेकडो वेळा गिळतो, जांभया देतो, नातवावर ओरडतो, भाकरी चावतो. या सगळ्या हालचालींत कवळीची कड कुठे रुतते हे ती वापरल्यावरच कळतं. म्हणून कवळी हातात पडली की काम संपलं असं होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक फेरी, आठवड्यानं एक आणि पुढे गरजेप्रमाणे एक-दोन, हे त्या कामातच धरलेलं असतं.

शुक्रवारी अकरा वाजता गुरुजी आले. चेहरा आंबट, पण कवळी तोंडात. आता त्यांना नेमकं सांगता येत होतं: "चावताना एवढं नाही, पण आवंढा गिळला की खाली डावीकडे, जिभेच्या मुळाशी सुरी टोचते."

हे वाक्य माझ्यासाठी अर्धं निदान होतं. खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला, दाढांच्या मागच्या बाजूस, हाडाचा एक कंगोरा असतो. काहींचा बोथट, काहींचा धारदार. गिळताना जिभेखालचा तळ वर उचलला जातो. तिथे कवळीची कड जरा लांब राहिली, तर प्रत्येक आवंढ्याला ती त्या कंगोऱ्यावरची नाजूक त्वचा कापते. कवळी काढून पाहिलं तर तिथे तांदळाच्या दाण्याएवढा फोड फुटलेला: मधे करडा-पांढरा, भोवती लाल रेघ.

मग मी टेबलाच्या खणातून जांभळी पेन्सिल काढली. गुरुजींनी ती लगेच ओळखली. "अहो, ही तर कॉपिंग पेन्सिल!" पूर्वी पोस्टात, तलाठ्याच्या चावडीत ही असायची, ओल लागली की जांभळी व्हायची. दातांच्या कामात तशाच न पुसणाऱ्या रंगाची पेन्सिल अजून टिकून आहे. जखमेभोवतीची जागा कापसानं कोरडी करायची, पेन्सिलीनं जखमेवर ठिपका द्यायचा, कवळीही कोरडी करून अलगद जागेवर बसवायची आणि लगेच काढायची. तो ठिपका कवळीच्या आतल्या बाजूला उमटतो. नेमकी तीच जागा यंत्रानं घासायची. किती? या वेळी एक मिलिमीटरही नाही. मग कड गोल करून, चकचकीत करून परत तोंडात. गुरुजींनी आवंढा गिळला, थांबले, पुन्हा गिळला.

"गेलं की!"

जखम भरायला अजून तीन-चार दिवस लागणार होते. तेवढे दिवस कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चारदा चूळ, आणि फार टोचलं तर दुपारी तास-दोन तास कवळी बाहेर, एवढंच सांगितलं. बधिर करणारं जेल लावून दिवस काढू नका, हेही सांगितलं. जेलनं दुखणं कळत नाही, पण कड कापायची थांबत नाही. आणि दवाखान्यात येण्याआधी तर ते मुळीच लावू नये.

दुखण्याची जागा आणि वेळ यांवरून कारण बरंच कळतं, म्हणून घरच्या माणसांनीही ते लक्षात ठेवून सांगावं. गिळताना दुखलं तर मागची कड. बोलताना, हसताना, ओठ हलवताना पुढे मधोमध दुखलं तर ओठाला हिरडीशी जोडणारी जी बारीक दोरी असते, तिच्यासाठी कवळीत ठेवलेली खाच अपुरी पडली आहे. नुसतं बसलं असताना काही नाही, पण जेवायला बसलं की हिरडीच्या माथ्यावरच ठणका लागतो, तर दोष कडेचा नाही, चावण्याचा आहे. वरचे-खालचे दात दोन्ही बाजूंनी एकाच वेळी टेकत नाहीत. एक बाजू आधी टेकते आणि सगळा भार तिथेच उतरतो.

गुरुजींच्या बाबतीत हेही झालं. दहाव्या दिवशी उजवीकडे माथ्यावर लाल पट्टा दिसला. हिरडीकडून कवळी घासून इथे काही उपयोग नसतो, आणि इथेच घाई केली तर चूक होते. दातांमध्ये निळा पातळ कागद धरून चावायला लावलं. उजव्या दुसऱ्या दाढेवर गडद निळा डाग आला, डावीकडे जेमतेम फिकट ठिपके. दाढेचा तो उंचवटा थोडा थोडा कमी करत दोन्ही बाजूंचे ठिपके सारखे उमटेपर्यंत कागद चाववला. दुखत होतं हिरडीला, घासला दात. गुरुजींना याची फार गंमत वाटली.

याच कारणासाठी घरी कवळी घासू नये. जिभेला तोंडातली प्रत्येक गोष्ट दुप्पट मोठी वाटते आणि जागाही ती हमखास चुकीची सांगते. एका आजोबांच्या जावयानं पॉलिशपेपर घेऊन हौसेनं कड घासली होती. जखम होती मागे, घासलं पुढे. जखम राहिली ती राहिलीच, वर कवळी सैल झाली. प्लास्टिक घासून कमी करणं दोन मिनिटांचं काम, पण गेलेलं परत चढवायला कवळी प्रयोगशाळेत पाठवावी लागते. तडकलेली कवळी झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडणं हा त्याहून महागात पडणारा उद्योग. तुकडे केसभर जरी सरकून चिकटले तरी कवळी पुन्हा कधी नीट बसत नाही, आणि तो गोंद तोंडात ठेवण्यासाठी केलेलाही नसतो. तुकडे असतील तसे डबीत घालून आणावेत. ते नीट जुळत असले तर दुरुस्ती अवघड नसते.

आता जेवणाचं. कवळीनं चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या पाव हिश्शाएवढा, अनेकांत त्याहूनही कमी असतो. वरची कवळी टाळू व्यापते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते, दोन ओल्या काचा एकमेकींना धरतात तशी. खालच्या कवळीला मधे जीभ असल्यामुळे टेकायला जवळपास निम्मीच जागा मिळते आणि जीभ तिला सारखी ढकलत असते. त्यामुळे वरची चार दिवसांत आपलीशी होते आणि खालची महिना-दीड महिना छळते. जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं. बनवताना चूक झाली असा त्याचा अर्थ नाही.

पहिल्या आठवड्यात मऊ भात, मुगाची खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, उपमा, शिजवून मऊ केलेल्या भाज्या. घास निम्मा करावा आणि त्याचे दोन भाग करून दोन्ही गालांत ठेवून चावावा. आयुष्यभर एका बाजूनं चावणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण एकाच बाजूनं चावलं की दुसऱ्या बाजूनं कवळी उचलते. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. पेरू, कणीस, चिक्की यांचा लचका तोडायला गेलं की कवळी मागून सुटते. फोडी करून दाढेखाली घ्याव्यात. भाकरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तीही दुधात किंवा कालवणात मुरवून. तीळ, पेरूच्या आणि अंजिराच्या बिया कवळीखाली शिरल्या की वाळूच्या खड्यासारख्या टोचतात. अशा वेळी चडफडत जेवण पुरं करण्यापेक्षा उठून चूळ भरून यावं.

चहाचं वेगळं सांगायला हवं. वरच्या कवळीनं टाळू झाकला जातो आणि त्याला चहाचा कढतपणा कळत नाही. घोट थेट घशात गेल्यावर पोळल्याचं समजतं. म्हणून पहिला घोट ओठाशी धरून पाहावा. बशीत ओतून पिणाऱ्या पिढीला हे नव्यानं शिकवायची गरज नाही, पण स्टीलच्या फुलपात्रातून पिणाऱ्यांनी जपावं.

पहिले काही दिवस तोंडाला पाणी सुटत राहतं, कारण कवळीला तोंड घास समजतं. थुंकत बसू नये, गिळत राहावं. आठ-पंधरा दिवसांत ते कमी होतं. उच्चारांचं म्हणाल तर गुरुजींचा 'स' 'श' झाला होता. शिक्षकी पेशाच्या माणसाला केवढी लाज! मी त्यांना रोज वर्तमानपत्राचं एक पान मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं. त्यांनी त्याऐवजी सत्तावीसचा आणि सदतीसचा पाढा धरला. दोन आठवड्यांत सकारांचा बंदोबस्त झाला, आणि सून सांगत होती की नातवाचेही पाढे पाठ झाले.

स्वच्छतेकडे वळते. इथे लोक आळसानं फारसे चुकत नाहीत, उत्साहानं चुकतात. आयुष्यभर दात घासले तसेच हेही घासायचे म्हणून टूथपेस्ट घेतात, दंतमंजन घेतात, काही आज्या मिश्री घेतात. पेस्ट आणि मंजनात दाताच्या कडक आवरणासाठी ठरवलेली खर असते. अॅक्रिलिक त्या मानानं मऊ. त्यावर बारीक ओरखडे पडतात, चकाकी जाते, आणि त्या ओरखड्यांत चहाचा डाग आणि बुरशी दोन्ही घर करतात. मिश्रीचं तर नावच काढू नका, तिच्यात तंबाखूच आहे. कवळीला लागतो तो मऊ ब्रश आणि साधा साबण. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब किंवा हात धुण्याचा सौम्य साबण चालतो. बाहेरची बाजू चटकन घासली जाते. जास्त लक्ष आतल्या, हिरडीला टेकणाऱ्या बाजूकडे द्यावं, कारण चिकट थर तिथेच साचतो. बोट फिरवून पाहावं. बुळबुळीत लागलं तर अजून घासायचं आहे.

कवळी धुताना बेसिनमध्ये जुना टॉवेल घडी करून ठेवावा किंवा तळाशी पाणी साठवावं. साबणानं हात निसटतो, आणि ओट्यावरून फरशीवर पडलेली खालची कवळी बहुधा मधोमधच तुटते. प्रत्येक जेवणानंतर काढून नुसत्या पाण्यानं खळबळावी, रात्री साबणानं नीट घासावी. पाणी नळाचं गार किंवा कोमट. एका बाईंनी सासूबाईंची कवळी निर्जंतुक व्हावी म्हणून उकळत्या पाण्यात टाकली. हेतू चांगला होता, पण कवळीचा आकार बदलला आणि नवी करावी लागली.

आमच्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच घरांत येतं. त्याचे आणि लाळेतले क्षार कवळीवर बसून महिन्या-दोन महिन्यांत खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पांढरट, खरखरीत थर धरतो. तो सुरीनं खरवडायचा नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात कवळी अर्धा तास ठेवली की थर नरम होतो आणि ब्रशनं निघतो. निघाला नाही तर दवाखान्यात आणावी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्या चालतात, पण त्या घासण्याच्या ऐवजी नाहीत, घासल्यावर वापरायच्या. पाकिटावर जेवढा वेळ लिहिला असेल तेवढाच ठेवून कवळी भरपूर पाण्यानं धुवावी. त्या गोळ्या रक्तदाबाच्या-साखरेच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नयेत. पोटात जाण्याच्या त्या नव्हेत, आणि काहींना त्यांच्या घटकांची अॅलर्जीही येते.

कवळी धुतली तरी निम्मं काम राहतं. हिरड्या, टाळू आणि जीभ रोज मऊ ब्रशनं किंवा ओल्या फडक्यानं हलकेच पुसून घ्यायच्या. दातच नाहीत तर काय घासायचं, असं विचारणारे बरेच भेटतात.

आणि रात्री कवळी काढायची. ही ओळ कागदावर ठळक छापली आहे, तरी गुरुजींनी ती मोडली. महिन्यानं तपासणीला आले तेव्हा म्हणाले, आता काही तक्रार नाही. मी वरची कवळी काढली आणि टाळूवर तिचा हुबेहूब आकार लाल रंगात उमटलेला दिसला. कडेला जिथे कवळी संपते तिथे लालीही संपत होती. दुखत काहीच नव्हतं. बुरशीचा हा प्रकार बहुतेकांना दुखत नाही, म्हणूनच तो राहून जातो. कधी ओठांचे कोपरे फाटतात, कधी तोंडाची चव जाते, एवढंच. मधुमेह असला, तोंड कोरडं पाडणारी औषधं चालू असली किंवा दम्याचा पंप घेऊन चूळ भरायची सवय नसली तर तो लवकर होतो.

खोदून विचारल्यावर गुरुजींनी सांगितलं, नातू त्यांच्याच खोलीत झोपतो. बोळकं तोंड त्याला दिसू नये म्हणून ते कवळी घालूनच झोपत. आता यावर डॉक्टरनं रागावून काय मिळवायचं? मी एवढंच सांगितलं की चोवीस तास झाकलेल्या टाळूला लाळही धुऊन काढू शकत नाही, आणि कवळीवरची घाण झोपेत लाळेसोबत श्वासनलिकेत उतरू शकते. जपानमध्ये 85 वर्षांवरच्या 524 जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण इतरांपेक्षा दुपटीहून जास्त आढळलं. हा आकडा गुरुजींना पटला. त्यांना टाळूसाठी बुरशीविरोधी औषध दिलं. कवळीही त्या काळात रोज रात्री जंतुनाशकात ठेवायला लावली, कारण नुसत्या तोंडावर उपचार केला तर कवळीतली बुरशी पुन्हा परत येते. दोन आठवड्यांत टाळू गुलाबी झाला. नातवाला त्यांनी मग स्वतःच कवळी काढून दाखवली. नातू आता शाळेत सांगत फिरतो, आमच्या आजोबांचे दात डब्यात झोपतात.

ज्यांचे दात काढून त्याच दिवशी कवळी बसवली आहे त्यांना मात्र पहिला दिवस हा नियम लागू नाही. काढली तर सूज येऊन ती परत बसत नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी स्वतः काढेपर्यंत ती तशीच ठेवायची.

रात्री कवळी पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर ती सुकते आणि आकारात किंचित फरक पडतो. पाणी रोज बदलायचं. आणि ती ठेवायची झाकणाच्या रंगीत प्लास्टिकच्या डबीत. स्टीलच्या वाटीत ठेवलेली कवळी पहाटे घरातलं कुणीतरी वाटीतल्या पाण्यासकट मोरीत ओततं. जेवताना काढून कागदी रुमालात गुंडाळलेली खरकट्यात जाते. हॉस्पिटलात आणि लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त हरवतात त्या याच रस्त्यानं. घरात कुत्रं असेल तर डबी उंचावर. कवळी चघळायला कुत्र्यांना फार आवडते, हे मी तीन वेळा पाहिलं आहे.

चिकटवण्याच्या क्रीम-पावडरीबद्दल हमखास विचारणा होते. नीट बसणाऱ्या कवळीला प्रवासात, समारंभात थोडा आधार म्हणून हरभऱ्याएवढे तीन-चार ठिपके चालतात, आणि ते रात्री पूर्ण धुऊन काढायचे. पण पहिल्याच आठवड्यात टोचणारी किंवा हलणारी कवळी क्रीमनं दाबून बसवली तर खरा दोष झाकला जातो. महिन्याला ट्यूब संपू लागली की कवळी तपासून घ्यायची वेळ झाली असं समजावं. दात काढल्यानंतर जबड्याचं हाड झिजत राहतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि खालचं वरच्यापेक्षा बरंच अधिक. त्यामुळे आज घट्ट असलेली कवळी वर्षभरानं सैल होणं ठरलेलंच आहे. तेव्हा तिला आतून नवं अस्तर लावता येतं, दर वेळी नवी करावी लागत नाही.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. कवळी घासून दिल्यावर किंवा काढून ठेवल्यावर साधी जखम आठवड्याभरात भरते. दोन आठवड्यांनंतरही तिथेच राहिली, कडा कडक लागल्या, सहज रक्त आलं, किंवा हिरडीवर, जिभेवर, गालात पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर ते "कवळी लागतेय" म्हणून सोडून देऊ नये. पूर्वी किंवा आता तंबाखू, मिश्री, सुपारी असणाऱ्यांनी तर नाहीच. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात अशीच, न दुखणाऱ्या जखमेनं होऊ शकते आणि कवळीवर ठपका ठेवण्यात महिने निघून जातात. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा वर्षाकाठी इंजेक्शन घेत असाल तर तेही आधीच सांगा. त्यांतल्या काही औषधांमुळे जबड्यावरची जखम भरायला अडते.

गुरुजींच्या कवळीला एकूण पाच फेऱ्या लागल्या. त्यातली एक फुकट गेली, ती खिशातली. म्हणून मी आता कागदावरची सातवी ओळ सगळ्यात वर घेतली आहे. आजी-आजोबांना तपासणीला घेऊन निघताना रिक्षात बसण्याआधी एवढं बघा, की सकाळचा नाश्ता कवळीनं झाला आहे आणि ती अजून तोंडातच आहे.